एका टेपवर पॅलिनड्रोम तपासायला किती वेळ लागतो, आणि n² च्या खाली का जाता येत नाही

‘टेप आणा आपटे.’ शाळेत कुणीतरी हे वाक्य सांगतं आणि मग वर्गभर ‘रामाला भाला मारा’ वगैरे सुरू होतं. टे, प, आ, णा, आ, प, टे. डावीकडून वाचा की उजवीकडून, तेच. (अक्षरं मोजायची, युनिकोडचे कोड-पॉइंट नव्हेत. पायथॉनमध्ये `[::-1]` लावून मराठी वाक्य उलटं केलंत तर मात्रा भलत्याच अक्षराला चिकटतात.) योगायोगाने या वाक्यात टेपही आहे, आणि हा लेख टेपबद्दलच आहे: एकच टेप असलेल्या ट्यूरिंग मशीनला असा शब्द तपासायला किती पावलं टाकावी लागतात?

n अक्षरांच्या शब्दाला साधी पद्धत n² च्या घरात जाते हे पाच मिनिटांत पटतं. त्याहून हुशार पद्धत निघणारच नाही, हे पटायला वेळ लागतो. मला स्वतःला ही सिद्धता पहिल्या वाचनात हातचलाखी वाटली होती, म्हणून इथे ती सावकाश, आकडे घालून करू. मशीनच्या अवस्था आणि टेप म्हणजे काय एवढं माहीत असलं तरी पुरे.

पायरी १: मशीन बांधा

अक्षरं फक्त `0` आणि `1` घेऊ. टेपवर एकेका घरात एकेक अक्षर आहे, बाकी घरं रिकामी, आणि रिकामं घर आपण `_` ने दाखवू. हेड एका वेळी एकच घर वाचतं, हवं तर खोडून दुसरं लिहितं आणि एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकतं, किंवा जागेवरच राहतं. मशीनच्या डोक्यात फक्त आपली अवस्था असते, आणि अवस्थांची संख्या आधीच ठरलेली असते. इनपुट कितीही लांब आलं तरी ती वाढत नाही.

पद्धत अशी. सगळ्यात डावीकडचं अक्षर वाचा, लक्षात ठेवा आणि खोडा. उजवीकडे टोकापर्यंत जा. तिथलं शेवटचं अक्षर तेच आहे का पाहा. असेल तर तेही खोडून डावीकडे परत या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. जुळलं नाही की नकार. काही उरलं नाही, किंवा मधलं एकटं अक्षर उरलं, की होकार.

यासाठी काम करणाऱ्या सहा अवस्था लागतात. `q` म्हणजे नवी फेरी सुरू. `r0` आणि `r1` म्हणजे 0 किंवा 1 लक्षात ठेवून उजवीकडे जाणं. `c0` आणि `c1` म्हणजे टोकाला पोहोचून पडताळणं. `b` म्हणजे परतीची वाट. होकार आणि नकार धरून एकूण आठ झाल्या.

```python
D = {("q","_"): ("yes","_",0), ("b","_"): ("q","_",1)}
for x in "01":
    D["q",x] = ("r"+x, "_", 1)
    for y in "01":
        D["r"+x,y] = ("r"+x, y, 1)
    D["r"+x,"_"] = ("c"+x, "_", -1)
    D["c"+x,x] = ("b", "_", -1)
    D["c"+x,"_"] = ("yes", "_", 0)
    D["b",x] = ("b", x, -1)

def run(w):
    tape, q, p, t, cross = dict(enumerate(w)), "q", 0, 0, {}
    while (q, tape.get(p, "_")) in D:
        q, tape[p], d = D[q, tape.get(p, "_")]
        if d:
            cross.setdefault(max(p, p+d), []).append(q)
        p += d
        t += 1
    return q, t, cross
```

नकारासाठी वेगळी ओळ नाही. न जुळणारं अक्षर आलं की तक्त्यात नियमच सापडत नाही, मशीन तिथेच थांबतं आणि अवस्था `yes` नसते. `cross` काय करतो ते पुढे येईलच.

पायरी २: पावलं मोजा

समजा एका फेरीच्या सुरुवातीला टेपवर m अक्षरं उरली आहेत. पहिलं खोडायला एक पाऊल, बाकीच्या m−1 वरून जायला m−1, रिकामं घर पाहून मागे वळायला एक, पडताळून खोडायला एक, उरलेल्या m−2 वरून परत यायला m−2, आणि डावीकडचं रिकामं घर पाहून पुन्हा उजवीकडे वळायला एक. बेरीज 2m+1. एकच अक्षर उरलं असेल तर तीन पावलं आणि काहीच नसेल तर एक, म्हणजे तेच सूत्र तिथेही चालतं.

दर फेरीत दोन अक्षरं कमी होतात. म्हणून n, n−2, n−4 असं खाली उतरत सगळ्या फेऱ्यांची बेरीज करायची. n सम असो की विषम, उत्तर एकच येतं:

`T(n) = (n+1)(n+2)/2`

`run("0110")` चालवलंत तर १५ पावलं दिसतील आणि सूत्रही 5·6/2 म्हणजे १५ च देतं. हजार अक्षरांच्या पॅलिनड्रोमला ५,०१,५०१ पावलं आणि दोन हजारांच्या पॅलिनड्रोमला २०,०३,००१. लांबी दुप्पट केली की वेळ जवळजवळ चौपट होते. वर्गाची वाढ ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

इथे नवखे लोक हमखास फसतात. यादृच्छिक शब्द टाकून वेळ मोजतात आणि आलेख सरळ रेषेत गेलेला पाहून चक्रावतात. यादृच्छिक शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर निम्म्या वेळा जुळतच नाही, मग मशीन n+1 पावलांत नकार देऊन मोकळं होतं. हजार अक्षरांच्या अशा शब्दांना सरासरी तीन हजारांच्या आसपासच पावलं लागतात. महाग पडतात ते खरेच पॅलिनड्रोम असलेले, किंवा अगदी मध्याजवळ चुकलेले शब्द. म्हणून `w + w[::-1]` असे शब्द बनवूनच मोजा.

पायरी ३: नाक्यावर रजिस्टर ठेवा

आता मूळ प्रश्नाकडे. दुसरं कुणी जास्त हुशार मशीन बांधलं तर? ते शब्दाच्या मधून सुरुवात करेल, खुणा करेल, अक्षरं हलवेल, टेपवर भलतीच चिन्हं लिहील. अशी मशीनं अगणित आहेत, प्रत्येक तपासता येणार नाही. सगळ्यांना एकाच जाळ्यात पकडायचं असेल तर ज्यातून कोणत्याच मशीनची सुटका नाही अशी गोष्ट पाहायला हवी. ती गोष्ट म्हणजे दोन घरांमधली सीमा.

प्रत्येक दोन शेजारच्या घरांच्या मध्ये एक नाका आहे असं समजा. पहिल्या i अक्षरांनंतरचा नाका क्रमांक i. हेड नाका ओलांडून गेलं, मग ते कोणत्याही दिशेने असो, की नाक्यावरचा माणूस रजिस्टरमध्ये एकच गोष्ट टिपतो: ओलांडताना मशीन कोणत्या अवस्थेत होतं. टेपवर काय लिहिलंय ते त्याला दिसत नाही, वेळही तो टिपत नाही. संपूर्ण प्रवास संपल्यावर त्या नाक्यावर अवस्थांची जी यादी उरते तिला क्रॉसिंग सिक्वेन्स म्हणतात. आपल्या कोडमध्ये `cross` तेच जमा करतो. `0110` साठी चारही नाके असे दिसतात:

```
1: r0 b q
2: r0 b r1 b q
3: r0 b r1 c1
4: r0 c0
```

चारही रजिस्टरांतल्या नोंदी मोजा: 3+5+4+2 = 14. पावलं होती १५, कारण शेवटचं होकाराचं पाऊल जागेवरच पडलं. पुढचं सगळं या बेरजेवर उभं आहे. एका पावलात हेड फार तर एक नाका ओलांडतं, म्हणून सगळ्या रजिस्टरांमधल्या नोंदींची बेरीज एकूण पावलांपेक्षा जास्त असूच शकत नाही. रजिस्टरं लांब असायलाच हवीत हे दाखवलं की वेळही जास्त असायला हवा हे दाखवून झालं.

मधल्या, म्हणजे दुसऱ्या नाक्याकडे पुन्हा पाहा: `r0 b r1 b q`. त्यात 0 आणि 1, म्हणजे डावा अर्धा भाग जसाच्या तसा गेलाय. `0000` टाकलं तर तिथे `r0 b r0 b q` येतं. आपल्या मशीनने डावीकडची सगळी माहिती एकेक अक्षर करत नाक्यावरून उजवीकडे नेली. प्रश्न एवढाच उरतो की कोणत्याही मशीनला ती न्यावीच लागते का?

पायरी ४: कापा आणि जोडा

लागते, आणि त्याचं कारण हे.

समजा w आणि w′ हे दोन शब्द मशीनने स्वीकारले, आणि नाका i वर दोघांचं रजिस्टर अक्षर न् अक्षर सारखं निघालं. आता w चा नाक्याच्या डावीकडचा भाग आणि w′ चा उजवीकडचा भाग जोडून एक मिश्र शब्द तयार करा. मशीन हा मिश्र शब्दही स्वीकारेल.

का? मशीन डावीकडून सुरू होतं. जोवर हेड डाव्या भागात आहे तोवर त्याला w आणि मिश्र शब्द यांत फरक दिसूच शकत नाही, कारण डावा भाग तोच आहे. पहिल्यांदा नाका ओलांडताना ते w मध्ये होतं त्याच अवस्थेत असणार, म्हणजे रजिस्टरच्या पहिल्या नोंदीत. आता उजवा भाग w′ चा आहे, पण w′ वर चालतानाही पहिली नोंद तीच होती. त्यामुळे उजव्या भागात मशीन w′ वर वागलं तसंच वागतं आणि दुसऱ्या नोंदीच्या अवस्थेत परत येतं. ती नोंद w च्या रजिस्टरशीही जुळते, म्हणून डाव्या भागात मशीनला आपण w वरच आहोत असं वाटत राहतं. असं शेवटच्या नोंदीपर्यंत. दोन गावांचा संबंध फक्त नाक्यावरून होतो आणि नाक्यावर तेच लोक त्याच क्रमाने येतात. पलीकडचं गाव बदललंय हे अलीकडच्यांना कळायला मार्गच नाही.

इथे एक शंका घ्यायला हवी: w वर मशीन डावीकडे थांबलं आणि w′ वर उजवीकडे, तर मिश्र शब्दाचं काय? तसं होत नाही. नोंदींची संख्या सारखीच आहे. ती सम असेल तर शेवटी हेड दोन्हीकडे डाव्या भागात असतं, विषम असेल तर दोन्हीकडे उजव्या. ज्या बाजूला थांबलं तिथे होकारातच थांबलं, म्हणून मिश्र शब्दालाही होकार.

हेड बाहेरच्या रिकाम्या घरांत भटकलं तरी युक्तिवाद बदलत नाही. ती घरंही त्या त्या बाजूचीच आहेत. आणि जागेवर थांबणारी पावलं रजिस्टरमध्ये येत नाहीत, ती फक्त वेळ वाढवतात.

पायरी ५: योग्य शब्द निवडा

आता असे पॅलिनड्रोम हवेत की कुठेही कापून दुसऱ्याशी जोडले तर पॅलिनड्रोम बिघडलाच पाहिजे. x हा m अक्षरांचा कोणताही शब्द घ्या, त्यापुढे m शून्यं, त्यापुढे x उलटा. उलट्या x ला x^R म्हणू:

`x 000…0 x^R`

एकूण लांबी `N = 3m`, आणि असे शब्द 2^m. आपण फक्त शून्यांच्या पट्ट्यातले नाके पाहणार, म्हणजे क्रमांक m पासून 2m पर्यंतचे, एकूण m+1.

मधे शून्यं कशाला, असा प्रश्न पडायलाच हवा. पट्टा नसेल आणि आपण x च्या पोटातच कापलं, तर फरक नेमका कापलेल्या भागात राहून मिश्र शब्द पुन्हा पॅलिनड्रोम बनू शकतो, आणि मग विरोधाभास हाती लागत नाही. पट्ट्यात कुठेही कापलं तरी डावीकडे पूर्ण x आणि उजवीकडे पूर्ण y^R येतो. x आणि y वेगळे असतील तर `x 000…0 y^R` कधीच पॅलिनड्रोम नसतो.

म्हणून पट्ट्यातला एखादा नाका पकडला आणि दोन वेगळ्या x, y साठी त्यावरची रजिस्टरं सारखी निघाली, तर चौथ्या पायरीनुसार मशीन `x 000…0 y^R` ला होकार देईल. तो होकार चुकीचा. मशीन बरोबर असेल तर असं होता कामा नये. म्हणजे पट्ट्यातल्या प्रत्येक नाक्यावर 2^m शब्दांची 2^m रजिस्टरं सगळी एकमेकांपासून वेगळी असतात.

पायरी ६: मोजणी

मशीनला s अवस्था आहेत. k पेक्षा कमी नोंदींची रजिस्टरं किती वेगवेगळी असू शकतात? रिकामं एक, एक नोंदीची s, दोन नोंदींची s², असं करत एकूण s^k पेक्षा कमीच. छोट्या रजिस्टरांचा साठा मर्यादित आहे, आणि आपल्याला 2^m वेगळी रजिस्टरं हवी आहेत.

k असा निवडा की s^k हा 2^m च्या निम्म्याहून जास्त होणार नाही. म्हणजे `k = ⌊(m−1)/log₂ s⌋`. मग एका नाक्यावर फार तर निम्म्या शब्दांचं रजिस्टर k पेक्षा छोटं असू शकतं. उरलेल्या निम्म्या किंवा अधिक शब्दांचं रजिस्टर तिथे किमान k नोंदींचं असतं, आणि म्हणून सगळ्या 2^m शब्दांवर सरासरी घेतली तर त्या नाक्यावर किमान k/2 नोंदी येतात.

आता थांबा, कारण घाईने चुकीची उडी मारली जाते ती इथेच. ‘प्रत्येक नाक्यावर लांब रजिस्टरचा शब्द आहे, नाके m+1 आहेत, म्हणून (m+1)·k पावलं झाली’ असं लिहिलं जातं. पण शंभराव्या नाक्यावर लांब रजिस्टर असलेला शब्द आणि एकशे एकाव्या नाक्यावरचा शब्द वेगवेगळे असू शकतात. वेळ एका शब्दाची मोजायची आहे, वेगवेगळ्या शब्दांचे तुकडे जोडून नाही. सरासरी घेतली ती यासाठीच. सरासऱ्यांची बेरीज बिनधास्त करता येते: m+1 नाक्यांवर सरासरी किमान k/2, म्हणून एका शब्दाची पट्ट्यातल्या सगळ्या नोंदींची सरासरी बेरीज किमान (m+1)·k/2. सरासरी एवढी असेल तर निदान एका शब्दाची बेरीज एवढी असायलाच हवी. त्या शब्दाला मशीन तेवढी पावलं टाकतंच:

`T ≥ (m+1)·k/2`

k हा m च्या प्रमाणात वाढतो, m हा N चा तिसरा हिस्सा, म्हणून उजवी बाजू साधारण `N² / (18·log₂ s)` होते. s हा मशीनपुरता ठरलेला आकडा आहे. म्हणजे N² च्या खाली कोणतंच मशीन जात नाही.

आकडे घालून पाहू. s = 8 आणि m = 100 घ्या. log₂ 8 = 3, म्हणून k = 99/3 = 33, आणि 8^33 बरोबर 2^99, म्हणजे 2^100 च्या नेमके निम्मे. प्रत्येक नाक्यावर सरासरी किमान १६.५ नोंदी, नाके १०१, बेरीज १,६६६.५. आठ अवस्थांचं कुणीही बांधलेलं बरोबर मशीन ३०० लांबीच्या कुठल्या तरी शब्दावर १,६६७ पावलं तरी टाकेल. m = 1000 केलं तर k = 333, नाके १,००१ आणि हीच बेरीज १,६६,६६६.५ होते. लांबी दहापट, किमान वेळ शंभरपट.

आपलं मशीन ३०० लांबीला ४५,४५१ पावलं घेतं, सिद्धतेने हमी दिली १,६६७ ची. सुमारे सत्तावीस पटींचा फरक पाहून काही जणांना सिद्धता ढिली वाटते. पण ती एका मशीनबद्दल बोलतच नाहीये, आठ अवस्थांच्या प्रत्येक मशीनला बांधतेय. शिवाय आपलं मशीन एका खेपेत एकच अक्षर नेतं आणि परतताना रिकाम्या हाताने येतं.

तुम्हाला स्वतः खात्री करायची असेल तर `run("010010")` आणि `run("100001")` चालवा. दोन्ही आपल्या कुटुंबातले, m = 2 चे. तिसऱ्या नाक्यावर पहिल्याचं रजिस्टर `r0 b r1 b r0 b q` आणि दुसऱ्याचं `r1 b r0 b r0 b q`. वेगळी आहेत, असायलाच हवीत. मग मुद्दाम मशीन बिघडवा: `r0`, `r1` ऐवजी एकच विसरभोळी `r` आणि तशीच एक `c` ठेवा, म्हणजे हेडला काय घेऊन निघालो ते आठवतच नाही. दोन्ही रजिस्टरं `r b r b r b q` अशी सारखी होतील. लगेच `010001` टाकून पाहा. मशीन हसत हसत होकार देईल.

अवस्था वाढवल्या तर

सूत्रात log₂ s आहे, टेपवरच्या चिन्हांची संख्या मात्र कुठेच नाही. हे लक्षात आलं नसेल तर सूत्र पुन्हा पाहा. टेपवर हजार प्रकारची चिन्हं लिहायची मुभा दिलीत तरी ही खालची मर्यादा तसूभर हलत नाही, कारण चिन्हं नाका ओलांडत नाहीत. ओलांडते ती अवस्था.

अवस्था वाढवून मात्र खरोखर फायदा होतो. एका खेपेत एकाऐवजी दहा अक्षरं लक्षात ठेवा. त्यासाठी 2^10 च्या काही पट, म्हणजे काही हजार अवस्था लागतील, पण खेपा दहापट कमी होतील आणि वेळ N²/2 वरून साधारण N²/20 वर येईल. दहा अक्षरांसाठी log₂ s दहा-बाराच्या आसपास. म्हणजे वेळ log₂ s च्या प्रमाणात कमी होते, सिद्धता सांगते तशीच. तो लॉगॅरिदम सिद्धतेच्या आळसातून आलेला नाही, त्याची किंमत वसूल करणारी मशीनं खरंच बांधता येतात. वर्ग मात्र वर्गच राहतो.

कुठे लागू पडत नाही

दुसरी टेप द्या आणि सगळं कोसळतं. इनपुट दुसऱ्या टेपवर उतरवून घ्या, एक हेड सुरुवातीला परत न्या, मग एक हेड डावीकडून उजवीकडे आणि दुसरं उजवीकडून डावीकडे चालवत तुलना करा. साधारण 3n पावलं. चौथी पायरी इथे तुटते, कारण नाका पहिल्या टेपवर बसवला तरी दुसऱ्या टेपवर लिहिलेला अख्खा शब्द रजिस्टरमध्ये नोंद न होता पलीकडे जातो. १९६५ मध्ये हार्टमानिस आणि स्टर्न्स यांनी दाखवलं होतं की अनेक टेपांवर T पावलांत होणारं काम एका टेपवर T² च्या प्रमाणात पावलांत करता येतं. हा वर्ग टाळता येईल का, या प्रश्नाला पॅलिनड्रोमने नाही असं उत्तर दिलं. त्याच वर्षी फ्रेडरिक हेनी यांनी अमेरिकेत आणि यानिस बार्झ्दिंश यांनी सोव्हिएत लॅटव्हियात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एका टेपवर वर्ग अटळ असल्याचं सिद्ध केलं.

मशीनला अनेक वाटांपैकी एक निवडायची मुभा दिली, म्हणजे ते अनिश्चित केलं, तरी पॅलिनड्रोम ओळखायला N² लागतातच. स्वीकारणारी एक वाट धरून कापा-जोडा केलं की मिश्र शब्दालाही स्वीकारणारी वाट सापडते, आणि ती सापडणंच पुरेसं असतं. उलट ‘हा पॅलिनड्रोम नाही’ हे सांगायला अशा मशीनला N·log N पुरतात: चुकीची जागा अंदाजाने धरायची, आणि ती डावीकडून जेवढी लांब तेवढीच तिची जोडी उजवीकडून आहे हे पडताळायला सुमारे log N अंकांचा एक आकडा हेडबरोबर ओढत न्यायचा.

नाणं उडवायची परवानगी दिली, आणि क्वचित चूक चालवून घेतली, तर मात्र वर्ग खरोखर सुटतो. लॅटव्हियातल्याच रीगामध्ये रूसिन्श फ्रेइवाल्ड्स यांनी १९७७ मध्ये ते दाखवलं. शब्दाला आणि त्याच्या उलट्याला संख्या मानायचं, एक छोटी मूळ संख्या यादृच्छिक निवडायची आणि तिने भागून दोघांच्या बाक्या जुळतात का पाहायच्या. हेडबरोबर न्यायला फक्त log N च्या प्रमाणात अंक असतात, त्यामुळे वेळ N·log N च्या प्रमाणात. प्रत्येक नाक्यावरच्या रजिस्टरमध्ये आता अख्खा x जात नाही, त्याची बाकी तेवढी जाते. दोन वेगळ्या शब्दांची बाकी कधीतरी सारखी निघते आणि तेव्हा मशीन चुकतं, पाचव्या पायरीत सांगितलं होतं अगदी त्याच रीतीने.